गिझरच्या पोटातली कांडी

गिझर गळायला लागला की पहिला दोष पाण्याला दिला जातो. ‘बोअरचं पाणी, त्यात एवढे क्षार, टाकी सडणारच,’ असं घरचे म्हणतात. दुरुस्तीला आलेला मेकॅनिकही मान डोलावतो आणि चार-पाच वर्षांत दुसरा गिझर भिंतीवर चढतो. या समजुतीत दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्या आहेत. जड पाण्यातला चुना गिझरचं नुकसान करतो हे खरं, पण तो मुख्यतः कॉइलच्या मुळावर येतो. कॉइल काही शे रुपयांत बदलता येते. टाकीला भोक पडतं ते वेगळ्या कारणाने, आणि ते भोक बुजवता येत नाही. टाकी किती वर्षं टिकणार हे ठरवणारी वस्तू हाताच्या वितीएवढी आणि अंगठ्याहून थोडी जाड असते. गिझर एकदा भिंतीवर बसला की तिचं दर्शन बहुतेक घरांना कधीच होत नाही. ती म्हणजे मॅग्नेशिअमची कांडी, अर्थात ॲनोड रॉड.

बाहेरचं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं आवरण आणि त्याखालचा फोमचा जाड थर काढला, तर गिझरमध्ये उरते ती साध्या पोलादाची टाकी. घरगुती गिझरच्या या टाकीचा पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. गरम पाणी, त्यात विरघळलेली हवा आणि उघडं पोलाद एकत्र आले की गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून टाकीच्या आतल्या बाजूला काचेचा लेप दिलेला असतो. काचेची पूड पाण्यात कालवून टाकीच्या आत फवारतात आणि टाकी भट्टीत सुमारे आठशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळून पोलादाला चिकटते. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९३६ मध्ये अशा काचलेपाच्या टाकीचं पेटंट घेतलं आणि पुढे घरगुती हीटरची हीच रीत झाली.

पण हा लेप कधीच अखंड नसतो. वेल्डिंगच्या सांध्यावर, कडांवर, खालच्या तोंडाच्या गळ्यापाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. टाकी रोज तापते आणि निवते. पोलाद आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे वर्षागणिक बारीक तडेही जातात. शिवाय गरम पाण्यात काच स्वतःही अतिशय सावकाश विरघळत असते. म्हणजे टाकीचा नव्याण्णव टक्के भाग झाकलेला असला, तरी उरलेल्या टिंबांमध्ये पोलाद पाण्याला थेट भिडलेलं असतं. गंमत अशी, की लेप जितका चांगला तितकं हे टिंब अधिक धोक्याचं. पूर्ण उघड्या टाकीत गंज सगळीकडे पसरतो. लेपाच्या टाकीत तो त्या एकाच ठिकाणी सरळ आत खोदत जातो. त्यात शेजारी तांब्याची कॉइल किंवा पितळेची जोडणी असेल, तर गंजाला आणखी जोर येतो.

कांडी असते ती या टिंबांसाठी. मॅग्नेशिअम हा इलेक्ट्रॉन सोडायला अतिशय उतावळा धातू आहे. मापाच्या पट्टीवर लोखंडाचा अंक उणे ०.४४ व्होल्ट आहे, मॅग्नेशिअमचा उणे २.३७. हे दोन धातू एकाच पाण्यात बुडालेले असले आणि एकमेकांना तारेने किंवा नटबोल्टने जोडलेले असले, की त्यांची एक बॅटरी तयार होते. तिच्यात मॅग्नेशिअम झिजतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन टाकीच्या पोलादाकडे जातात. जोवर हा पुरवठा चालू आहे तोवर त्या टिंबातल्या लोखंडाला स्वतःचे इलेक्ट्रॉन सोडायची वेळच येत नाही, म्हणून ते गंजत नाही. इथे एक शंका रास्त आहे. जड पाण्यात मॅग्नेशिअम आधीच असतं, मग कांडी कशाला? पाण्यातलं मॅग्नेशिअम आपले इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन बसलेलं असतं. त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, त्यामुळे ते टाकीच्या कामाचं नाही.

ही युक्ती गिझरपेक्षा कितीतरी जुनी आहे. इंग्लंडच्या आरमाराच्या लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राच्या पाण्यात ते झिजत. हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये सुचवलं, की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडा. ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं खरोखरच वाचलं. पण जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपले इतके चढले, की त्यांचा वेग मंदावला आणि आरमाराला हा उपाय मागे घ्यावा लागला. झिजणाऱ्या तांब्याचं विष या जिवांना दूर ठेवत होतं, ते आता पाण्यात उतरेना. डेव्हीने आणखी एक गोष्ट टिपली होती. संरक्षण गरजेपेक्षा जास्त झालेल्या तांब्यावर चुन्याचा आणि मॅग्नेशियाचा पांढरा थर बसत होता. गिझरच्या टाकीतही अगदी हेच घडतं, आणि तिथे ते बरंचसं उपकारक ठरतं.

आधी कांडीचं आयुष्य पाहू, कारण ते चक्क हिशेबाने काढता येतं.

पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये वीस सेंटिमीटर लांब आणि एकवीस-बावीस मिलिमीटर जाड कांडी आहे असं धरू. मॅग्नेशिअम हलकं असतं, त्यामुळे तिचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. एक किलो मॅग्नेशिअम पूर्ण झिजलं तर सुमारे २,२०० अँपिअर-तास इतका विद्युतभार देतं. पण त्यातला जवळजवळ अर्धा वाया जातो, कारण मॅग्नेशिअम टाकीसाठी काही न करता थेट पाण्याशीही झगडत असतं आणि हायड्रोजन सोडत असतं. तेव्हा आपल्या कांडीच्या वाट्याला साधारण १३५ अँपिअर-तास येतात. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘१५० एएच’ लिहिलेलं असतं. कांडीची शिदोरी जवळपास तेवढीच, फक्त ती पुन्हा चार्ज होत नाही. टाकीने सरासरी पाच मिलिअँपिअर प्रवाह ओढला तर ही शिदोरी सत्तावीस हजार तास, म्हणजे तीन वर्षं पुरेल. दहा मिलिअँपिअर ओढला तर दीड वर्षात संपेल.

यातला तास हा घड्याळाचा तास आहे. गिझरचं बटण दिवसातून अर्धा तासच चालू असतं म्हणून कांडी अर्धा तासच झिजते असं नाही. विजेच्या मेनशी तिचा काही संबंध नाही. टाकीत पाणी आहे तोवर ती अहोरात्र झिजते, सगळं कुटुंब गावी गेलेलं असलं तरीही. पाणी गरम असताना झिजेचा वेग वाढतो, एवढाच फरक.

मग प्रवाह पाच असेल की दहा, हे कशावर ठरतं? मुख्यतः पाणी विजेला किती वाट देतं त्यावर, आणि ते ठरतं पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांवर. जड पाण्याबद्दलच्या बोलण्यात गोंधळ होतो तो इथेच. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारं पेनासारखं टीडीएस मीटर अनेक घरांत असतं आणि त्यावर आठशेचा आकडा आला की ‘पाणी फार जड आहे’ असं म्हटलं जातं. पण ते पेन पाण्याचा जडपणा मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढं मोजतं आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस दाखवतं. त्यात कॅल्शिअम किती आणि मीठ किती, हे त्याला कळत नाही. थोडक्यात, हे पेन गिझरवर चुना किती बसेल ते सांगत नाही. ते सांगतं कांडी किती वेगाने संपेल ते. चुन्याचा अंदाज हवा असेल तर कठीणपणा मोजायचा छोटा संच घ्यावा लागतो. पाण्यात आधी एक रंगद्रव्य टाकायचं, पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब घालत पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

महाराष्ट्रात हे दोन्ही आकडे अंतराअंतरावर बदलतात. पुण्याच्या पेठांमध्ये नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं आहे. ते जमिनीत फारसं मुरलेलं नसतं, म्हणून मृदू असतं. वाघोली, उंड्री, पिसोळीकडच्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात, आणि ते पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून वर आलेलं असतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायॉक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि बेसाल्टमधलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम विरघळवत खाली जातं. पेठेतून वाघोलीला राहायला गेलेल्या घराने जुनाच गिझर सोबत नेला, तर त्या गिझरच्या दृष्टीने तो देश बदलण्यासारखा प्रकार आहे. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी याच्या अगदी उलट, मृदू आणि थोडं आम्लधर्मी. तिथे कॉइल वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. पण पाण्यात क्षार फारच कमी असले तर कांडीचा प्रवाह दूरच्या टिंबांपर्यंत पोचत नाही. कांडी शिल्लक असताना टाकी गंजू शकते, ती अशा पाण्यात.

आता चुना. जड पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायॉक्साइड निसटतो आणि कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे साधा खडू, खाली बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या खडूचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो. म्हणून तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बसतो तो टाकीतल्या सर्वांत तप्त जागी, कॉइलच्या अंगावर. चार माणसांचं घर दिवसाला ५० लिटर पाणी गिझरमधून तापवतं असं धरलं, तर वर्षाला १८ हजार लिटर पाणी त्यातून जातं. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यातला जेमतेम दहावा हिस्सा जरी खाली बसला, तरी वर्षाला ९०० ग्रॅम खडू तयार होतो. थोडा नळावाटे निघून जातो, बाकीचा तळाशी साचतो. साठ अंशांच्या पुढे हा वेग झपाट्याने वाढतो. थर्मोस्टॅटचा काटा ७५ वरून ५५-६० वर आणणं हा चुन्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्यात काचलेपही कमी विरघळतो.

चुन्यामुळे विजेचं बिल वाढतं, असं पाणी मृदू करणारी यंत्रं विकणारे हमखास सांगतात. गॅसच्या साठवणीच्या हीटरबाबत त्यात तथ्य आहे. तिथे ज्योत बाहेर असते, तळावर चुन्याचा थर बसला की उष्णता पाण्यात शिरायच्या ऐवजी धुराड्यातून निघून जाते. विजेच्या गिझरची कॉइल मात्र पाण्याच्या आतच असते. तिची उष्णता थराच्या आत असो की बाहेर, शेवटी पाण्यातच जाते. अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने तिथल्या वॉटर क्वालिटी असोसिएशनसाठी २००९ मध्ये जड पाण्यावर हीटर चालवून पाहिले, तेव्हाही हेच दिसलं: गॅसच्या हीटरची कार्यक्षमता घटली, विजेच्या साठवणीच्या हीटरची जवळपास तशीच राहिली. ज्या संघटनेसाठी अभ्यास केला ती पाणी मृदू करण्याच्या व्यवसायातली आहे, हे लक्षात घेतलं तर निष्कर्षाचं वजन वाढतं. विजेच्या गिझरमध्ये नुकसान होतं ते कॉइलचं. चुना उष्णता नीट वाहू देत नाही, आत कॉइल भाजून निघते, तिच्या नळीला तडा जातो, पाणी आत शिरतं आणि मग एमसीबी खाली पडतो.

आता कांडी आणि चुना यांची गाठ पडते ती जागा पाहू. टाकीच्या उघड्या टिंबांपाशी कांडीचे इलेक्ट्रॉन पोचतात तेव्हा तिथलं पाणी स्थानिक पातळीवर अल्कधर्मी होतं, आणि अल्कधर्मी पाण्यात खडू चटकन बसतो. म्हणजे नेमक्या टिंबावरच चुन्याची बारीक खपली धरते. डेव्हीला तांब्यावर दिसला तोच हा पांढरा थर. या खपलीमुळे टिंब झाकलं जातं, त्याची प्रवाहाची भूक कमी होते आणि कांडी जास्त पुरते. माफक जड पाण्यात कांडी नीट काम करत असेल, तर टाकीची भिंत अशी हळूहळू स्वतःच लिंपली जाते. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी स्क्रूड्रायव्हरने टाकीच्या भिंतीवरचा पांढरा थर खरवडणं हे सफाईचं नव्हे, नासधुशीचं काम आहे. तळाचा सुटा चुना काढावा, कॉइल साफ करावी, भिंतीला हात लावू नये.

पण चुना फार असला तर तो कांडीलाही सोडत नाही. तिच्याभोवती टणक कवच तयार होतं आणि आतलं मॅग्नेशिअम पाण्यापासून तुटतं. अशी कांडी बाहेर काढली की वजनदार आणि धडधाकट दिसते. ‘अजून नवीसारखी आहे’ म्हणून ती परत बसवली जाते आणि टाकी मात्र महिनोन् महिने उघडी पडलेली असते. दोन वर्षांत न झिजलेली कांडी ही चांगली बातमी नाही. एक तर ती चुन्याने गुदमरलेली आहे, किंवा तिचा फ्लँजशी धातूचा संपर्क तुटलेला आहे. झिजणं हेच तिचं काम आहे.

हे तपासायचं तर गिझर खालून उघडावा लागतो. उभ्या गिझरच्या तळाची प्लॅस्टिकची टोपी काढली की गोल फ्लँज दिसते, तिच्याभोवती नटांची माळ, मधोमध कॉइलची टोकं आणि थर्मोस्टॅटच्या वायरी. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, एमसीबी पाडायचा. थंड पाण्याचा कॉक बंद करायचा, बाथरूमचा गरम नळ उघडून हवा आत जाऊ द्यायची आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाजूने टाकी रिकामी करायची. वायरींचा फोटो काढून ठेवायचा. नट सुटले आणि फ्लँज खाली आली, की तिच्याबरोबर बादलीत पडतो तो आवाज जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत एकसारखा असतो: ओल्या खडूच्या खपल्या, काही नखाएवढ्या, काही कॉइलची गोलाई घेऊन सुटलेल्या, करड्या आणि कडेला तांबूस. फ्लँजवर कॉइलच्या शेजारी उभी असते कांडी. नवी असते तेव्हा गुळगुळीत, राखाडी, खडूच्या मोठ्या कांडीसारखी. वर्षभर काम केलेली खड्ड्याखड्ड्यांची दिसते. संपत आलेलीच्या मधून पोलादाची बारीक तार डोकावते. तार दोन-तीन ठिकाणी दिसली किंवा जाडी अर्ध्याहून खाली गेली, की नवी लावायची. पुढच्या तपासणीपर्यंत ती टिकेल या आशेवर सोडायची नाही.

कॉइलवरचा चुना काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घालून कॉइल तासभर बुडवली की फसफसून खपल्या सुटतात. फरशी धुवायचं ॲसिड वापरायचं नाही. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चुन्याबरोबर कॉइलची नळीही खातं. आणि आम्लाला हात लावण्यापूर्वी कांडी फ्लँजवरून सोडवून बाजूला ठेवायची. आम्लात मॅग्नेशिअम जोरात बुडबुडे सोडत विरघळतं. चुना जायच्या आधी कांडीच अर्धी होते आणि हायड्रोजन सुटतो तो वेगळा. फ्लँज परत बसवताना गॅस्केट नवीन घ्यायचं. नवी कांडी पेचात घट्ट बसायला हवी, कारण तिथला धातूचा संपर्क हीच तिची वायर. टाकी पूर्ण भरून गरम नळातून अखंड धार येऊ लागल्यावरच वीज चालू करायची. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

वर्षाला एकदा एवढं केलं, तर कांडीचा वेगही कळतो. पहिल्या वर्षी ती अर्धी उरली असेल तर त्या घरापुरतं उत्तर मिळालं: दर वर्षी नवी कांडी. दोन वर्षांनी अर्धी उरली असेल तर घाई नाही. वॉरंटी कार्डावर टाकीसाठी पाच-सात वर्षं लिहिलेली असतात, पण खालच्या बारीक अक्षरांत पाण्याच्या क्षारांची मर्यादा आणि ठरलेल्या मुदतीत कांडी बदलण्याची अट असू शकते. ‘सर्व्हिसिंग केलं’ या पावतीत कांडी बदलल्याची नोंद आहे का, हे तेवढ्यासाठी पाहावं. बऱ्याचदा कॉइल साफ झालेली असते, चुना बादलीत दाखवलेला असतो, आणि कांडी तारेवर आलेली तशीच परत आत गेलेली असते.

वॉटर सॉफ्टनर बसवला की प्रश्न मिटला असं समजणाऱ्यांना एक धक्का बसतो. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शिअम काढून त्याच्या जागी सोडिअम सोडतो. चुना थांबतो, कॉइल वाचते. पण पाण्यातले एकूण क्षार तेवढेच राहतात, पाणी विजेला तितकीच वाट देतं, आणि टिंबांवर बसणारी ती उपकारक खपली आता धरत नाही. परिणामी कांडी अधिक वेगाने झिजते. सॉफ्टनर लावलेल्या घराने कांडी आधीपेक्षा जास्त वेळा पाहिली पाहिजे. होतं नेमकं उलट, कारण नळावर पांढरे डाग दिसेनासे झाल्यावर गिझर उघडण्याचं कारणच उरत नाही.

टाकी गेली आहे की नाही, हे गिझर बदलण्याआधी नक्की करता येतं. खालून पाणी ठिबकतंय म्हणजे टाकीला भोक पडलंच असं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गिझर तापताना थेंब पडणं हे तर त्याचं कामच आहे: पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर गेलं की सुमारे चारशे मिलिलिटरने फुगतं आणि ते कुठेतरी जायला हवं. ते ठिबकणं बंद करायला व्हॉल्व्हचं तोंड बुजवणं धोक्याचं आहे. चुन्याने व्हॉल्व्ह आपोआप जाम होणंही तितकंच धोक्याचं, म्हणून त्याची कळ अधूनमधून हलवून पाहायची. फ्लँजच्या कडेने गळत असेल तर गॅस्केट बदलून भागतं. पण फ्लँज आणि जोडण्या कोरड्या असताना आवरणाच्या आतून, फोममधून झिरपून, तांबूस पाणी येत असेल तर टाकी फुटलेली आहे. काचलेपाच्या टाकीला वेल्डिंग करता येत नाही, आतली काच तडकते. त्याआधीची खूण म्हणजे थंड पाणी स्वच्छ आणि गरम पाण्याची पहिली धार गढूळ, तांबूस. त्या टप्प्यावर नवी कांडी घालून फायदा होतो, पण आधी झालेले खड्डे भरून येत नाहीत.

कांडीचे स्वतःचेही दोन त्रास आहेत. बोअरच्या पाण्यात सल्फेट आणि त्यावर जगणारे विशिष्ट जिवाणू असतील, तर मॅग्नेशिअमच्या सान्निध्यात ते जोमाने वाढतात आणि गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा घरी कांडी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. वास जातो आणि पाठोपाठ टाकीही जाते. त्यापेक्षा जस्त मिसळलेली ॲल्युमिनिअमची कांडी लावून पाहावी. दुसरा त्रास हायड्रोजनचा. घर दोन-तीन आठवडे बंद असेल तर टाकीच्या माथ्याशी थोडा वायू साचू शकतो. परतल्यावर गरम नळ उघडला की तो फुसफुसत बाहेर येतो. तेवढा वेळ जवळपास काडी किंवा उदबत्ती पेटवू नये, खिडकी उघडी ठेवावी.

झिजणारी कांडीच नको, असाही पर्याय आहे. टायटॅनिअमची बारीक सळई आणि तिला बाहेरून काही मिलिअँपिअर प्रवाह पुरवणारा छोटा अडॅप्टर. ही सळई झिजत नाही आणि पाण्याला वासही आणत नाही. काही युरोपीय टाक्यांमध्ये साध्या कांडीचीही वायर बाहेर काढलेली असते. टाकी न उघडता तिथे मीटर लावून प्रवाह मोजतात, आणि तो ०.३ मिलिअँपिअरच्या खाली गेला की कांडी बाहेर काढून पाहतात. टायटॅनिअमच्या सळईला मात्र एक अट आहे: तिला चोवीस तास वीज लागते. आपल्याकडे अंघोळ झाली की बाथरूमबाहेरचं लाल दिव्याचं बटण बंद करायची सवय घराघरांत मुरलेली आहे, आणि वीज वाचवायला ती योग्यच आहे. पण अडॅप्टर त्याच बटणावर जोडलेला असेल तर टाकीला संरक्षण मिळतं ते दिवसातला अर्धा-पाऊण तास. तेव्हा ही सळई बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला अडॅप्टरसाठी वेगळा, कधीही बंद न होणारा पॉइंट काढायला सांगावं लागतं, तोही बाथरूमच्या ओल्या भिंतीपासून दूर.